मेलच्या तळाशी आडनाव

स्वतःचं आडनाव लिहायला तुम्ही कधी घाबरला आहात का?

मी घाबरले, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात, नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात. मी क्वालिटी विभागात रुजू झाले होते. माझे मॅनेजर शिरवळच्या प्लँटमध्ये बसत, त्यांना मी पाहिलंही नव्हतं. एचआरनं सांगितलं, "त्यांना मेल करून ओळख करून द्या."

यात घाबरण्यासारखं काय? माझे वडील याच वसाहतीच्या गेटांवर कंत्राटी कामगारांच्या बाजूनं, मालकांविरुद्ध पत्रकं वाटायचे. प्रत्येक पत्रकाखाली आमचं आडनाव छापलेलं. तेही असं, की पंचक्रोशीत त्या आडनावाचं दुसरं घर सापडायचं नाही. मी प्रोबेशनवर. काढून टाकायला कुणाला कारणही लागलं नसतं.

भीतीनं मी पानभर लिहिलं. आदरणीय महोदय, शाळेपासूनची सगळी हकिगत, निष्ठेची ग्वाही, आणि खाली नुसतं पहिलं नाव. शेजारच्या टेबलावरच्या उंब्रजच्या बाईंनी डोकावून वाचलं.

"आगं, नोकरी मागतीस व्हय? ती मिळालीया की तुला!"

"मग काय लिहू?"

"कोण हायस, काय करतीयास, काय पायजे. बास! आन् विषयाची जागा रिकामी? उघडणार बी न्हाईत."

तेव्हा वडिलांचं वाक्य आठवलं: "येष्टी लागायच्या आत वाचून झालं पायजे, तेच पत्रक." मॅनेजरही मशिनशेजारी उभ्यानं, मोबाइलवरच वाचणार. मी सगळं पुसलं.

विषयात लिहिलं: 'ओळख – नवीन क्वालिटी इंजिनिअर, कुपवाड'. मग नमस्कार. मी सोमवारी रुजू झाले, आधी कुठं काय काम केलंय, या आठवड्यात तपासणीची पद्धत शिकते आहे. शेवटी दोनच प्रश्न: पुढच्या आठवड्यात पंधरा मिनिटं बोलता येईल का? कामाची माहिती तुम्हाला कशी कळवलेली आवडेल? आभार.

राहिली सही. पहिल्या नावानंतर कर्सर लुकलुकत होता. पोटासाठी बापाचं नाव लपवायचं, ही कसली नोकरी? मी पूर्ण नाव लिहिलं, पद, मोबाइल नंबर, आणि डोळे मिटून सेंड दाबलं.

त्या दिवशी उत्तर नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. फोन वाजला की मी आधी नंबर बघायचे. एचआरची बाई जवळून गेली तरी वाटायचं, झालं, बोलावणं आलं. डबा तसाच परत जायचा.

शनिवारी उत्तर आलं. "स्वागत. मंगळवारी अकराला फोन करतो. रोज नको, शुक्रवारी एक मेल पुरे. ऑडिट होतं, उशीर झाला."

आडनावाबद्दल अक्षर नाही. ते ऑडिटमध्ये होते, आणि इथं मी फासावर.

तुमच्या हाताखाली कुणी नवीन आलं असेल, तर त्याचा पहिला मेल आत्ता उघडा आणि दोन ओळींचं उत्तर आजच पाठवा.