चोवीस लेबलं, एक शीट

तिसगावच्या मावशी माझ्या नगरच्या स्टिकरच्या दुकानात आल्या, तेव्हा तेलापाण्याला टिकणाऱ्या कागदाची एकच शीट शिल्लक होती. नवा माल परवा येणार, आणि त्यांच्या बचत गटाचं प्रदर्शन उद्या सकाळी. चोवीस जणींनी घातलेलं लोणचं, प्रत्येकीची एक बरणी, बरणीवर तिचं नाव. खाली एका ओळीत गटाच्या अध्यक्षांचं.

मी संगणकावर लेबलं मांडली. छपाई एका थरावर, कापायची रेघ वेगळ्या थरावर, कारण ती छापायची नसते, फक्त कापणाऱ्या मशीनला, कटरला, दाखवायची असते. दोन लेबलांत तीन मिलिमीटर जागा सोडली. आडवी चार, उभी पाच. वीसच बसली.

"चिकटून लावा की. मधली जागा वायाच चाललीय."

एकदा एका गिऱ्हाइकाचं असंच ऐकलं होतं. पातं शेजारच्या लेबलात घुसलं आणि अख्खी शीट कचऱ्यात गेली. "जमणार नाही," मी तोडूनच टाकलं. मला राग पटकन येतो, आणि घाबरले की जास्तच.

मावशींनी नावांची यादी पुढे ओढली. "मग कोनत्या चौघींना नको म्हनू?"

मी लेबल पुन्हा नीट बघितलं. शेवटी म्हटलं, "खालची अध्यक्षांची ओळ काढली तर लेबल बुटकं होईल. पाचाऐवजी लेबलांच्या सहा रांगा बसतील."

"काढा," त्या लगेच म्हणाल्या.

ओळ काढली, लेबलं बुटकी केली. कोपरे गोल केले, टोकदार ठेवले की तेलकट हात लागून तेच आधी उचकटतात. शीट छापली, कटरला लावली. बटण दाबायच्या आधी सवयीने स्क्रीनवर दोन्ही थर एकावर एक बघितले, आणि बटणावरचा हात मागे घेतला. रेघा चुकून हलू नयेत म्हणून त्यांचा थर मी कुलूप लावून ठेवला होता. लेबलं बदलली, पण रेघा जुन्या विसांच्याच राहिल्या होत्या, थेट नावांवरून गेलेल्या. छापलेल्या कागदावर यातलं काहीच दिसत नव्हतं.

"काय झालं, ताई?"

"काही नाही, बसा."

शीट बाजूला ठेवली, रेघा नव्याने आखल्या, गोल कोपऱ्यांसकट. साध्या कागदावर तेच छापून कापून बघितलं, मग शीट परत लावली. कटर चालला तेवढा वेळ मी बंद करायच्या बटणावर बोट ठेवून उभी होते. पातं वरचाच पापुद्रा कापत गेलं, मागचा कागद शाबूत राहिला.

मावशींनी एकेका नावावर बोट ठेवून मोजलं. चोवीस. माझा जीव भांड्यात पडला. सहज विचारलं, "यात तुमचं कुठलं?"

"माझं कुठलं? मी कुठं लोनचं घातलंय? मी नुसती पळापळ करनारी." त्या शीट पिशवीत सरळ ठेवत होत्या. "माझं खालच्या ओळीत हुतं. ते तुमीच काढलं न्हाई का?"