रझिया मॅडमचं परीक्षण आणि माझी कात्री

गुरुवारी दुपारी जालन्याच्या आमच्या ऑफिसात बसून मी एका पुस्तक परीक्षणावर मनापासून जळलो. परीक्षण चांगलं होतं, एवढाच त्याचा गुन्हा.

मी एका दैनिकाची रविवारची पुरवणी बघतो. परीक्षण पाठवलं होतं रझिया मॅडमनी, वाटूरच्या हायस्कूलात त्या मराठी शिकवतात. पुस्तक समाजशास्त्रातलं, शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचं, दिखाऊ खर्चावरचं... आणि त्याच पुस्तकावर दोन वर्षांपूर्वी मी स्वतः लिहिलं होतं. तेव्हा एकट्या मेहुण्याचा मेसेज आला होता, की फोटो बरा आलाय.

माझ्या परीक्षणात नव्वद टक्के सारांश होता आणि शेवटी 'आजही हे विचार तितकेच लागू आहेत' असं एक वाक्य. कुठे लागू आहेत ते लिहायला जागा उरली नव्हती... किंवा मला सुचलं नव्हतं.

मॅडमनी तसं केलं नव्हतं. पुस्तकाचं म्हणणं त्यांनी थोडक्यात मांडलं होतं. गरज भागली की माणूस दुसऱ्याला दिसावं म्हणून खर्च करतो. ज्याला कष्ट करावे लागत नाहीत त्याला मान मिळतो, त्याच्या बायकोचे दागिने त्याचीच ऐपत मिरवतात, आणि प्रत्येक थर आपल्या जरा वरच्या थराची नक्कल करतो. म्हणून खर्चाला शेवट नसतो.

मग त्या पुस्तकाशी भांडल्या होत्या. लेखक हे सगळं दुरून, हसत हसत बघतो, खर्च करणाऱ्याला जवळ बसवून 'का' म्हणून विचारत नाही, हा त्यांचा आक्षेप. त्यांनी स्वतः विचारलं होतं, लग्नात ड्रोन आणि मोठा स्टेज लावणाऱ्या चुलत भावाला. तो म्हणाला, "आपा, मला काय हौस आल्ती का? स्टेज बारका दिसला तर धाकटीला स्थळ कोण आणणार?"

मॅडमनी पुढे लिहिलं होतं, पुस्तकाला जिथे दिमाख दिसतो तिथे मला भीती दिसली. हे वाक्य वाचून मी चहा मागवला. हे वाक्य माझं असायला हवं होतं...

भरीस भर म्हणजे सोमवारी अंबडच्या एका कॉलेजने याच पुस्तकावर बोलायला त्यांना बोलावलं होतं. त्यांचं पहिलंच भाषण, आणि पोरं परीक्षण वाचून येणार होती. इतकी वर्षं पुरवणी काढतोय, मला कोणी बोलावलं नाही.

पान लावणारे रामेश्वरराव म्हणाले, "सर, मजकूर जास्त होऊन राह्यला. बसत न्हाई." मी कात्री घेतली. आमच्या धंद्यात नियम असा, की सारांश कापायचा आणि मत ठेवायचं. सारांशातला एक परिच्छेद मी सरळ उडवला. वाचलाही नाही नीट.

शुक्रवारी प्रूफ वाचताना मला मॅडमची चूक सापडली आणि काय सांगू, बरं वाटलं. चुलत भावाच्या त्या भीतीमागे जी सक्ती आहे, तिच्याबद्दल लेखकानेही लिहिलंय. इज्जतीची एक पातळी ठरली की माणूस पोटाला चिमटा घेऊन ती पाळतो, हे पुस्तकात स्पष्ट आहे. म्हणजे मॅडमचा आक्षेप अर्धा लंगडा. मी लगेच फोन लावला.

सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "सर, ते तर लिहिलंय मी. तिसऱ्या परिच्छेदात बघा. लेखकाला सक्ती दिसते, पण ती कोणाच्या वाट्याला किती येते ते तो बघत न्हाई, असं."

मी मूळ फाइल उघडली. तिसरा परिच्छेद... मीच उडवलेला. प्रुफात तो नाहीये, एवढंच मी त्यांना सांगितलं.

"जागेसाठी गेला असेल," त्याच म्हणाल्या. "पण बरं झालं तुम्ही इतकं बारकाईने वाचलं. न्हाईतर सोमवारी पोरं म्हणली असती, मॅडमनं पुस्तक पुरतं वाचलंच न्हाई."

मी 'हो, हो' म्हणून फोन ठेवला. त्यांना चूक दाखवायला फोन केला होता, आणि त्या माझे आभार मानत होत्या.

परिच्छेद परत घ्यायचा तर जागा हवी होती. रामेश्वररावांनी पानाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "येवढी जागा फकस्त तुमच्या चौकटीत हाय, सर." खाली कोपऱ्यात दर रविवारी माझा छोटा स्तंभ असतो.

"काढा," मी म्हणालो.

"आख्खी काढू?"

"आख्खी."

रविवारी परीक्षण पूर्ण छापून आलं. दुपारपर्यंत मॅडमसाठी कितीतरी मेसेज आले, ते मी एकेक करून त्यांना पाठवले. स्तंभ कुठे गेला, असं कोणीही विचारलं नाही. मेहुण्यानेही नाही.

सोमवारी संध्याकाळी मॅडमचा फोन आला. एका मुलीने उठून नेमकं तिसऱ्या परिच्छेदावरच विचारलं म्हणे, आणि भाषण राहिलं बाजूला, तासभर सगळा वर्ग आपापल्या घरातल्या लग्नांवर बोलत बसला. त्या खूश होत्या. मीही होतो... बऱ्यापैकी.

काल ते पुस्तक पुन्हा काढलं. पुण्या-मुंबईच्या मोठमोठ्या समीक्षकांचा मला आजवर कधी हेवा वाटला नाही. वाटला तो शेजारच्या तालुक्यातल्या, माझ्याहून जरासं चांगलं लिहिणाऱ्या बाईंचा. माणूस आपल्या एकच पायरी वरच्याकडे बघून तळमळतो, हे लेखकाने लिहून ठेवलंय, आणि दोन वर्षांपूर्वी मी त्याचा व्यवस्थित सारांशही केला होता. ते पुस्तक माझ्याबद्दल आहे हे मला रझिया मॅडममुळे कळलं. त्यांचे आभार.