रंगवलेली रायमुंदा

ब्राझीलमधल्या क्रातो गावी, बाजारामागे एडिल्झाचं फोटोचं दुकान आहे. तिचे वडील जुने फोटो मोठे करून, रंगवून गावोगाव विकायचे. कधी एकत्र न बसलेल्या नवराबायकोला ते एका चौकटीत बसवत. एडिल्झा आता तेच काम कॉम्प्युटरवर करते.

झुल्मिरा नावाच्या गिऱ्हाइकाला आईबरोबर एक फोटो हवा होता. तिची आई रायमुंदा, झुल्मिरा तान्ही असतानाच गेली. आईला पाहिलेली एकटी फिलोमेना मावशी उरली होती, आणि तिचीही नजर अधू होत चालली होती.

झुल्मिराने घरच्या भिंतीवरचं, फोटोवरून रंगाऱ्याने रंगवलेलं आईचं मोठं चित्र आणलं. चित्र स्पष्ट होतं, म्हणून एडिल्झाने तोच चेहरा कॉम्प्युटरला नमुना म्हणून दिला आणि त्याने मायलेकींना शेजारी बसवलं.

मावशीने कागद डोळ्यांशी नेला. "ही कोण बाई?"

"तुमची बहीण, मावशी," एडिल्झा म्हणाली.

"माझी बहीण सावळी होती. ही गोरी कुणी केली? आणि या भुवया? त्या रंगाऱ्याने अख्ख्या गावाला याच भुवया वाटल्यात."

एडिल्झाला हसू आलं. "माझे वडीलही तेच करायचे. बायका खूश व्हायच्या."

"मी नाही झाले," मावशी म्हणाली.

इतकी वर्षं झुल्मिरा त्याच चित्राशी बोलत आली होती.

"दुसरा फोटो नाही?" एडिल्झाने विचारलं.

आईच्या ओळखपत्रावरचा होता, अंगठ्याएवढा, धूसर, गालावर शिक्क्याची शाई. भाच्याने मोबाईलवर काढून पाठवलेली त्याची प्रत आणखीच फुटलेली होती. एडिल्झाने मूळ फोटो मागवला आणि स्कॅनरवर बारकाईने उतरवून घेतला. एका बटणात चेहरा स्पष्ट करून पाहिला, तर टीव्हीवरच्या नटीसारखी कुणी परकीच बाई उमटली. ती पुसून टाकली. मग धुळीचे ठिपके काढले, शाई हलक्या हाताने उतरवली आणि चेहरा सुधारण्याची मात्रा अगदी कमी ठेवली. दर पावलाला ती मूळ फोटो शेजारी धरून बघे. काळ्यापांढऱ्या फोटोतून वर्ण कळेना, तेव्हा तिने मावशीला विचारलं.

"झुल्मिराच्या हातासारखा," मावशी म्हणाली. "थोडा गडदच."

थोडी धूसरता राहिली, ती एडिल्झाने राहू दिली. या फोटोवरून मायलेकींचं नवं चित्र केलं.

मावशीने नवा कागद डोळ्यांशी नेला. झुल्मिराच्या हातातली कॉफी निवली.

"दमलेली दिसते," मावशी शेवटी म्हणाली.

"डोळ्यांखालचं काळं घालवू?"

"हात लावू नकोस. दिवसभर कपडे धुऊन ती अशीच दिसायची."

झुल्मिराने कप खाली ठेवला आणि खुर्ची मावशीजवळ ओढली. "कुणाचे कपडे धुवायची, मावशी? मला कधी सांगितलं नाहीस."

"तू विचारलंस कधी? त्या गोऱ्या बाईशीच बोलायचीस," मावशी म्हणाली, आणि सांगू लागली.