काउत्सिओन म्हणजे डिपॉझिट नव्हे

मराठी माणसाकडे डिपॉझिटला एकच शब्द आहे : डिपॉझिट. जर्मन माणसाकडे किमान सतरा तरी असतील. मला त्यातला एकच येत होता आणि नेमका तोच चुकीचा निघाला.

नोकरी सोडून मी म्युनिकजवळ गार्चिंगला लग्नं लावून देण्याचा धंदा काढला, तेव्हाची ही गोष्ट. लग्नं जमवण्याचा नव्हे, लावण्याचा. म्हणजे हॉल, मांडव, जेवण, हार, गुरुजी, सनई, सगळं. आमच्या मंडळाच्या गणपतीत मी दोनशे माणसांना एका गळक्या स्वयंपाकघरातून उकडीचे मोदक खायला घातले होते. (मोदक प्रत्यक्षात तीनशे होते, पण मी आता दोन हजार सांगते आणि कोणी हरकत घेत नाही.) त्या दिवसापासून लोक मला लग्नाचं विचारायला लागले.

ह्यांनी एकच अट घातली. हे गाड्यांच्या कंपनीत ब्रेकचे इंजिनिअर, त्यामुळे घरातही ब्रेकचं खातं ह्यांच्याकडेच. "बँकेने मांडवासाठी कर्ज दिलं तर धंदा. नाही दिलं तर युनिव्हर्सिटीत अर्धवेळची जागा आलीय, ती घ्यायची. कबूल?"

"कबूल," म्हटलं. कर्ज महत्त्वाचंच होतं. मांडव दर वेळी भाड्याने आणला की सगळा नफा त्यातच जायचा.

मग मी प्लॅन लिहायला बसले. फाइल इतकी जाड झाली की ती घेऊन यू-बानमध्ये चढले की गाडी एका बाजूला कलायची. कोण माणसं लागणार, त्यांची यादी : जेवणाला एक अफगाण आचारी, कारण आमटीत हिंग घालायचं त्याला एकदाच सांगावं लागलं, हारांना एक श्रीलंकन तमिळ मावशी, आणि गुरुजी ड्रेस्डेनचे. आठवडाभर कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात पांढरा अंगरखा घालून, शनिवारी सोवळं नेसून. प्रत्येकाच्या मागे एक बदली माणूसही लिहिला, कारण आचाऱ्याला ताप आला म्हणून वऱ्हाड उपाशी परत पाठवता येत नाही.

पहिलं बुकिंगही आलं. मुलीचे वडील (मी त्यांना काका म्हणते) तीस वर्षं इथे मुरलेले गृहस्थ, मुलगी इथेच वाढलेली, मुलगा पुण्याचा. जूनचा पहिला शनिवार ठरला. करार मी स्वतः जर्मनमध्ये लिहिला आणि त्यात मोठ्या अक्षरात टाकलं : सहीच्या वेळी दोन हजार युरो काउत्सिओन. हा शब्द इथल्या प्रत्येक मराठी माणसाला पाठ असतो, कारण घर भाड्याने घेताना तेच द्यावं लागतं. काकांनी पैसे दिले. मी त्यातले बाराशे हॉलवाल्याला आगाऊ भरले, पाचशे आचाऱ्याला, तीनशे हारवाल्या मावशींना. हातात शून्य. धंदा चालू!

फेब्रुवारीत काकांचा फोन आला.

"अगं, घोळ झालाय. मुलाच्या आईने पंचांग उघडलं. जूनची आपली तारीख अधिक महिन्यात येते!"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. ते औषधाच्या दुकानातून फुकट मिळालेलं. त्यात बव्हेरियाच्या सगळ्या सुट्ट्या होत्या, कचरा उचलायचे दिवस होते, अधिक ज्येष्ठ तेवढा नव्हता. गुरुजींना मी फक्त गाडीचं तिकीट काढायला सांगितलं होतं. मुहूर्त विचारायचा राहिलाच!

"ते म्हणतात, डिसेंबरात पुण्यालाच करू," काका म्हणाले. "तेव्हा आपलं रद्द. आणि ते काउत्सिओन तेवढं परत कर हं. घराचं मिळतं तसं."

"काका, ते डिपॉझिट होतं."

"गेनाऊ, अगदी बरोबर! काउत्सिओन म्हणजे डिपॉझिटच. परत मिळणारं."

फोन ठेवून मी ह्यांना करार दाखवला. ह्यांनी तो एखाद्या तुटलेल्या ब्रेककडे पाहावं तसा पाहिला. "तुला आनत्साहलुंग म्हणायचं होतं. म्हणजे किमतीतला आगाऊ भाग. काउत्सिओन म्हणजे नुकसान झालं तर कापायची ठेव, नाहीतर अख्खी परत. आणि कराराच्या शब्दात शंका आली, तर इथे अर्थ लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावतात."

"लिहिणारी कोण?"

"तूच."

आणि बँकेची भेट दहा दिवसांवर.

मी आधी हॉलवाल्याकडे गेले. गावातलं जुनं गास्टहाउस, मालक पिपाएवढा, मिशा दाराच्या दोन्ही बाजूंना लागतील एवढ्या. त्याने नियम दाखवला : रद्द केलं तर आगाऊ रक्कम त्याची, तीन महिन्यांहून आधी सांगितलं तर तारीख एकदा बदलता येते, फुकट. पण उन्हाळ्यातले सगळे शनिवार गेलेले. उरला जुलैतला एक शुक्रवार. गुरुजींना फोन केला. त्यांनी पंचांग पाहून सांगितलं, आषाढी अजून पुढे आहे, त्या शुक्रवारी अकरा चाळीसचा मुहूर्त आहे, आणि रजा मी टाकतो.

मग काकांकडे गेले. कायद्याचं एक अक्षर काढलं नाही.

"काका, पुण्याला अवश्य करा. बाराशे माणसं येतील. त्यातली अकराशे तुम्हाला ओळखणार नाहीत, पण जेवण कसं होतं ते तुम्हाला मरेपर्यंत सांगतील."

काकू आतून म्हणाल्या, "अहो, आणि माझी बहीण रुसेल ती वेगळीच."

"इथे नव्वद माणसं," मी म्हटलं. "शुक्रवार. ज्यांना खरंच यायचंय तेच रजा काढतील."

काकांनी पुण्याला फोन केला. पाऊण तास. पंचांगातला शुक्रवार ऐकून मुलाची आई विरघळली. मी नवा करार काढला : दोन हजार आनत्साहलुंग, किमतीत धरलेली, रद्द केल्यास किती कापणार याचे टप्पे, आणि वेगळं पाचशेचं काउत्सिओन, हॉलच्या नुकसानीसाठी. काकांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला, मग सही केली.

बँकेतल्या बाईंना मी दोन्ही करार दाखवले, जुना आणि नवा. लपवायचा मोह झाला होता, पण फाइल एवढी जाड होती की एक खोटं त्यात कुठे ठेवलं ते मलाच सापडलं नसतं.

बाईंनी महिन्यांच्या तक्त्यावर पेन ठेवलं. "आल्झो, म्हणजे जुलैच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंत एकही लग्न नाही?"

"आमचे देव झोपतात," मी म्हटलं. "म्हणून तेव्हा जर्मन लग्नांना मांडव आणि जेवण देणार, आणि डिसेंबरात कंपन्यांच्या ख्रिसमस पार्ट्या."

"आणि विवाहविधीत उघडी आग?"

"अंगणात, आकाशाखाली, शेजारी अग्निशामक नळकांडं. हॉलवाल्याची लेखी परवानगी आहे. विम्यातही आग स्पष्ट लिहून घेतलीय, तिचा वेगळा हप्ता भरते."

बाईंनी पुन्हा जुना करार उचलला. "ही चूक तुम्ही पहिल्याच ग्राहकाबरोबर केलीत. बरं झालं. दहाव्या वेळी महाग पडली असती."

कर्ज मांडवाला मिळालं, तो वाहून न्यायला मागितलेल्या गाडीला नाही. आणि करार वकिलाला दाखवायची अट. ह्यांनी युनिव्हर्सिटीला नकाराचं पत्र स्वतः टाइप करून दिलं.

जुलैत शुक्रवारी, अकरा चाळीसला, माझ्या स्वतःच्या मांडवात अक्षता पडल्या. सत्त्याऐंशी माणसं होती, हजार म्हणायला माझी काहीच हरकत नाही.

सोमवारी हॉलवाल्याने पांढऱ्या पडद्यावरचा हळदीचा हात दाखवला. पाचही बोटं स्वच्छ दिसत होती. काकांचा फोन आलाच.

"अगं, हे काउत्सिओन तरी परत मिळणारं ना?"

"परत, काका. पडदा धुवायचे ऐंशी कापून."

"ऐंशी? तो हात कुणाचा ते कळलं का?"

"काकूंचा."

"मग राहू दे," काका म्हणाले. "पावती मात्र पाठव."