रांगेतलं पहिलं अक्षर

हॉस्टेलच्या मावशींना मी पाठवलेला पहिला चिनी मेसेज 'कशा आहात' असा असायला हवा होता. गेला तो 'विझवा, छान' अशा काहीतरी अर्थाचा. त्यांच्याकडून उत्तरादाखल नुसतं एक प्रश्नचिन्ह आलं.

मुलगी तेव्हा चीनमध्ये डॉक्टरकी शिकत होती. सुट्टीत सिल्व्हर पार्कच्या आमच्या घरी आली आणि परत जाताना तिकडचा तिचा जुना फोन ठेवून गेली, कारण त्यात चिनी टाइप करता यायचं. ती फोनवर सापडली नाही तर हॉस्टेल सांभाळणाऱ्या मावशींना विचारायचं, असं ठरलं होतं. मावशींना चिनीशिवाय दुसरं काही येत नव्हतं. मला तर चिनीही येत नव्हतं.

ती ठेवून गेलेल्या चिनी शिकण्याच्या पुस्तकात रोमन अक्षरांच्या डोक्यावर बारीक खुणा होत्या: सपाट रेघ, चढती रेघ, खाली जाऊन वर येणारी आणि उतरती. चार स्वर, म्हणजे उच्चाराचे चढउतार. मला त्या आवडायच्या, आपल्या मात्रांसारख्या वाटायच्या. पण तिने सायबर कॅफेतून कामाच्या शब्दांचा ईमेल पाठवला, तेव्हा आमच्या कॉम्प्युटरवर त्या खुणांच्या जागी रिकामे चौकोन उमटले. मग तिने खुणांऐवजी आकडे घालून परत पाठवला: ni3 hao3. मी आज्ञाधारक माणूस. फोनवर n, i दाबलं आणि पुढे ३ही दाबला. त्या फोनवर ३ म्हणजे d, e, f. शिवाय n आणि m एकाच बटणावर. फोनने त्यातून mie जुळवलं आणि विझवण्याचं अक्षर पुढे केलं.

"बाबा, आकडा बोलण्यासाठी आहे," मुलगी फोनवर हसत म्हणाली. "टाइप करताना स्वर सांगायचाच नाही. नुसती अक्षरं दाब, त्या उच्चाराची सगळी चिनी अक्षरं खाली रांगेत येतात. हवं ते उचल. जे जास्त वापरतो, ते फोन पुढे आणतो, आणि त्यापुढे नेहमी लिहितो तो शब्दही सुचवतो."

त्यानंतर एका शनिवारी तिचा फोन बंद लागला. रविवारी दुपारपर्यंत बंदच. शेजारच्या भाभी दाराशी येऊन म्हणाल्या, चायना की चीज का क्या भरोसा. त्या फोनबद्दलच बोलत होत्या, पण बायकोने दार जरा जोरातच लावलं.

मी पुस्तक, ईमेलचा छापील कागद आणि फोन घेऊन बाल्कनीत बसलो. मावशींना विचारायचं होतं, माझी मुलगी झोपली आहे का. कागदावर झोप म्हणजे shui4. यावेळी ४ न दाबता नुसतं shui दाबलं. खाली रांग आली. झोपेचं अक्षर तिसरं होतं. पहिलं वेगळंच. पुस्तकात पाहिलं, तर त्यावर चढती रेघ होती, म्हणजे दुसरा स्वर. अर्थ: कोण.

अंगठ्याने नको तेच केलं, पहिलं अक्षर उचललं गेलं. लगेच फोनने स्वतःहून पुढचा शब्द सुचवला: आहे. तो घेतला, तर त्यापुढे: बाहेर. हे दोन्ही शब्द पहिल्या धड्यातले, मला ओळखू येणारे. कोण आहे बाहेर.

सगळं पुसून पुन्हा shui दाबलं. पुन्हा तेच, त्याच क्रमाने. खाली क्रिकेट खेळणाऱ्या पोरांचा आवाज येत होता, भरदुपारचं ऊन होतं. बायको पाठीमागून बघत होती. तिला चिनी कळत नाही, माझा चेहरा कळतो. अर्थ सांगावाच लागला.

"तिच्या दाराबाहेर कोणीतरी उभं असतं," ती म्हणाली. "आणि ती आपल्याला सांगत नाही."

मी तिसरं अक्षर उचललं, प्रश्न कसाबसा पुरा केला आणि पाठवला. उत्तर आलं, एक ओळ. त्यातलं एकच अक्षर ओळखीचं वाटलं. खात्रीसाठी पुन्हा shui दाबून रांगेशी ताडून पाहिलं. तिसरं. झोप. आधीची दोन अक्षरं काही केल्या कळेनात, कारण अक्षराचा उच्चार ठाऊक नसेल तर ते फोनवर शोधणार कसं? बायको देवापुढे जाऊन बसली. मी ती दोन अक्षरं बघत बसलो.

संध्याकाळी मावशींच्या फोनवरून मुलगीच बोलली. ताप होता, मावशींनी आपल्या खोलीत झोपवलं होतं, तिचा फोन वरच्या मजल्यावर तिच्या खोलीतल्या कपाटात बंद पडला होता. ती दोन अक्षरं तापाची होती. बायको रडली, मग रागावली, मग तिने काय जेवलीस ते विचारलं.

शेवटी मी दाराबाहेरच्या माणसाबद्दल विचारलं. मुलीला काही कळेना.

"मी त्या फोनवर चिनी लिहिलंच नाही कधी, मैत्रिणींशी इंग्लिशच चालायचं. जुनाच घेतला होता ना तो, कॉलेजच्या गेटजवळच्या दुकानातून. आधी कोणाचा होता काय माहीत."

फोन ठेवल्यावर मी सुटकेने हसलो. बायको हसली नाही. त्या जुन्या फोनची बॅटरी काढून तिने ती टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "ती जी कोण होती, तिला कुणी उत्तर दिलं असेल का हो?"