फिबोनाचीचा तास

माझा मोठा भाऊ जळगावजवळच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात असेंब्ली भाषा शिकवत असे. प्रोसेसरला थेट कळतील अशा, एका ओळीत एकच काम सांगणाऱ्या आज्ञांची ही भाषा. हा विषय मुलांना आवडत नाही. भाऊच्या तासाला मात्र बाक भरलेले असत, आणि त्याला कारण होती एक चूक.

दर वर्षी तो फळ्यावर फिबोनाची मालिकेचा प्रोग्राम लिहायचा. शून्य, एक, मग प्रत्येक आकडा आधीच्या दोघांची बेरीज. मोजणीही शून्यापासून, म्हणजे तिसरा आकडा दोन, सहावा आठ. प्रोग्राम स्वतःलाच दोनदा हाक मारतो. सहावा आकडा हवा असेल तर पाचवा काढ म्हणतो, मग चौथा काढ म्हणतो, आणि दोन्ही मिळवतो. प्रत्येक हाकेला स्टॅकवर, म्हणजे एकावर एक ठेवत जायच्या चळतीत, स्वतःची जागा, म्हणजे फ्रेम, करून घ्यावी लागते आणि परत जाताना ती उलट्या क्रमाने रिकामी करावी लागते. भाऊ त्यातली एक ओळ मुद्दाम सोडून द्यायचा. ठेवलेलं उचलायची ओळ, पॉप ईबीएक्स. ती नसली की पुढची आज्ञा भलतीच वस्तू उचलते, परतीचा पत्ता चुकतो आणि प्रोग्राम पहिल्याच फेरीत कोसळतो. चूक शोधणाऱ्याला भाऊ पिशवीतून केळी वेफर्सचा पुडा काढून द्यायचा. सीनिअर मुलं ज्युनिअरना आधीच सांगून ठेवायची, की सर एक ओळ खातील, लक्ष ठेवा.

ओळ नेहमी तीच का, असं मी एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, "चूक ठेवायची तर ओरडणारी ठेवावी. गप्प बसणारी ठेवली आणि कुणाला सापडलीच नाही, तर पोरं तीच शिकून जातील."

गेल्या हिवाळ्यात त्याला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात फिजिओथेरपीने बराच परत आला. बोलणं तसं आलं नाही. समोरचं सगळं कळायचं, पण शब्द सापडायचा नाही. आधी परत आली ती अहिराणी. धुळे तालुक्यातल्या आमच्या गावातून निघून त्याला तीस-एक वर्षं झाली होती, कॉलेजात तो प्रमाण मराठीच बोलायचा. आता पाणी मागताना, वहिनीला हाक मारताना गावचे शब्द यायचे आणि पुस्तकातले मागे राहायचे.

उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं, त्यांना जे सगळ्यात पाठ आहे ते मोठ्याने म्हणायला लावा. वहिनीला वाटलं आरती. भाऊने मान हलवली आणि खडू मागितला. पिंप्राळ्याच्या घरात, जिन्याखाली, वहिनीच्या शिकवणीचा एक छोटा फळा होता. त्यावर त्याने फिबोनाची लिहायला घेतला.

मी वर्तमानपत्रात कॉपी, म्हणजे छापायला जाणारा मजकूर, तपासतो. ड्यूटी संध्याकाळची, त्यामुळे सकाळी त्याच्यासमोर बसायचं काम माझ्याकडे आलं. तो एक ओळ लिहायचा, ती म्हणायचा, मी मागून म्हणायचो. पुश ईबीपी. मूव्ह ईबीपी, ईएसपी. पुश ईबीएक्स. पुश म्हणजे स्टॅकवर ठेव, पॉप म्हणजे उचल, शेवटचं रेट म्हणजे परत जा. एक शब्द अडला की तो खडू फळ्यावर टेकवून थांबायचा आणि मी सांगायला गेलो की हात वर करायचा. असं करत मला तो प्रोग्राम कळला. ईबीएक्स ही प्रोसेसरमधली एकच जागा आहे, सगळ्या हाकांना मिळून. पहिल्या हाकेचं उत्तर त्यात ठेवायचं असेल तर आधी तिथे असलेलं स्टॅकवर ठेवा, जाताना परत घाला. तुम्ही हे केलं नाही तर ज्याने तुम्हाला हाक मारली त्याचं उत्तर तुम्ही पुसलेलं असतं.

"बठ्ठं जागावर ठेव, मंग जाय," भाऊ म्हणायचा. सगळं जागेवर ठेव, मग जा. इतकं त्याला अडखळल्याशिवाय म्हणता येई.

घरी ओळी सुटायच्या. रोज नाही, पण सुटायच्या. लिहून झाल्यावर तो चौकोन काढून स्टॅक भरत जायचा, आणि कुठेतरी थांबून, स्वतःवर चिडून, सुटलेली ओळ मधे घालायचा. त्याला ते पुरेसं होतं. तो म्हणाला होता, एकेक शब्द वेचून, की चूक होते ती होते. ती आपल्याला दिसली पाहिजे. ज्या दिवशी दिसणार नाही त्या दिवशी वर्गात उभं राहायचं नाही.

रजा संपत आली तेव्हा विभागप्रमुख मॅडमनी वहिनीला फोन केला. त्यांनी अवघडून सांगितलं, की प्राचार्यांचं म्हणणं आहे, सरांनी एक तास घेऊन दाखवावा. तो जमला तर सोमवारपासून रुजू. नाही जमला तर काय, हे त्या बोलल्या नाहीत. वहिनीने विचारलंही नाही.

कॉलेज नशिराबादच्या पुढे, हायवेलगत. मी स्कूटरवर नेलं. पिशवी माझ्या पायाशी होती आणि ती मीच भरली होती. पाण्याची बाटली, डस्टर, खडूची पेटी, गोळ्या.

मॅडम आणि प्राचार्य शेवटच्या बाकावर बसले. मी दारालगत. पुढे एक मुलगा संगणकावर, भाऊ फळ्यावर लिहील ते टाइप करायला. पडद्यावर ते सगळ्यांना दिसत होतं. आकडा विचारणं आणि उत्तर दाखवणं हा भाग आधीच तयार होता. भाऊ फक्त मधला, स्वतःला हाक मारणारा भाग लिहिणार होता.

त्याने सुरुवात चांगली केली. अक्षर थोडं मोठं, पण ओळी सरळ. शब्द अडला की मुलं पुरवायची.

"इथे आपण... आपण..."

"फ्रेम बांधतो, सर!"

"हां. फ्रेम. आणि हा एन कुठे?"

"ईबीपी अधिक आठ!"

"का आठ?"

"चार जुन्या ईबीपीचे, चार परतीच्या पत्त्याचे!"

मागून कुणीतरी हळू म्हणालं, "लक्ष ठेव रे, सर आता ओळ खातील." दोघंतिघं हसले. प्राचार्यांनीही मान वळवून पाहिलं, पण रागाने नाही.

प्रोग्राम संपला. मी मनात म्हणत होतो तसा तो फळ्यावर नव्हता. मूव्ह ईबीपी, ईएसपी नंतर थेट एन, म्हणजे विचारलेला आकडा, उचलला होता. पुश ईबीएक्स नव्हतं. खाली पॉप ईबीएक्सही नव्हतं.

भाऊने हात झटकले. "तीन टाक."

मुलाने तीन टाकले. पडद्यावर दोन आले.

"बरोबर," भाऊ म्हणाला, आणि हसला. इतक्या महिन्यांत तो असा हसलेला मी पाहिला नव्हता.

दुसऱ्या बाकावरची एक मुलगी फळ्याकडे बघत होती. "सर, सहा टाकू का?"

सहाला आठ यायला हवेत. पडद्यावर तीन आले.

मग वर्ग उसळला. बाक वाजले. "पकडली! सर, पकडली!" "या वर्षी अवघड दिली, सर!" "वेफर्स काढा, सर!"

मॅडम प्राचार्यांना सांगत होत्या, हसत, सुटल्यासारख्या, की ही सरांची जुनी पद्धत आहे, ते मुद्दाम चूक ठेवतात. प्राचार्य म्हणाले, "वा." मुलगी फळ्याशी आली होती.

"पहिल्या कॉलचं उत्तर ईबीएक्समध्ये ठेवलंय," ती म्हणाली. "दुसरा कॉल आत गेला की तोही आपलं उत्तर त्याच ईबीएक्समध्ये ठेवतो. आपण परत येईपर्यंत आपलं गेलेलं असतं."

"मग तीनला कसं चाललं?" मॅडमनी विचारलं.

"तीनला दुसरा कॉल एकचा असतो, मॅडम. एक आला की तो लगेच परत जातो. ईबीएक्सला हातच लावत नाही. चारपासून बिघडतं."

तिने वर एक आणि खाली एक ओळ घातली. सहाला आठ आले. टाळ्या झाल्या.

"सर, पुडा!"

भाऊने टेबलावरच्या पिशवीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. पिशवीत पुडा नव्हता. तो घ्यायला सांगायचं भाऊ विसरला नव्हता, पुडा आणायचाच नव्हता. त्या दिवशी तो प्रोग्राम बरोबर लिहिणार होता.

"उद्या," तो म्हणाला.

प्राचार्यांनी जाताना हात मिळवला. "सोमवारी भेटू, सर. तब्येत जपा." भाऊने मान हलवली. मला वाटलं, सगळ्यांचा हा समज असाच राहील. माझा धंदा चुका काढायचा आहे, पण त्या वेळी मी गप्प राहिलो, आणि तेच बरं वाटत होतं.

परत येताना नशिराबादला त्याने माझ्या खांद्यावर थाप मारली. मी स्कूटर बाजूला घेतली.

"वेफर," तो म्हणाला. "पोरगीनी धरी."

"भाऊ, सगळ्यांना वाटलं तू मुद्दाम..."

"माले दखायनीच नही."

त्याला ती दिसलीच नव्हती. तो उतरला आणि दुकानात गेला. हायवेवरून ट्रक जात होते. पुडा घेऊन आला आणि मांडीवर धरून मागे बसला.

वहिनीने शेवभाजी केली होती. दारातच तिने मला विचारलं, "भाऊजी, जमलं?"

मी म्हणालो, "सोमवारी बोलावलंय." हे खरं होतं. तिने भाऊच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढे विचारलं नाही. दुपारी तो जिन्याखालच्या फळ्यासमोर बसून होता. खडू हातात होता, लिहिलं काही नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याला पुन्हा कॉलेजात नेलं. लॅबमध्ये ती मुलगी होती. भाऊने पुडा तिच्या कीबोर्डशेजारी ठेवला.

"थँक्यू, सर! सर, तुम्ही भारी फसवता."

"ही ठेवलेली... नव्हती," भाऊ म्हणाला. "सुटली."

"काहीही काय, सर!" ती हसली. मग त्याच्याकडे बघून थांबली. शेजारची मुलंही थांबली. पुडा तसाच राहिला.

मॅडमच्या केबिनमध्ये त्याने बसायला नकार दिला. कालची ओळ सुटली होती, हे त्याने आधी सांगितलं. पुढचं वाक्य तो घरून तयार करून आला होता, तरी ते दोन तुकड्यांत आलं. शिकवणार नाही. बाकी काही काम असेल तर बघा.

मॅडम खुर्चीतून उठल्या. "सर, का? कालचं कुणालाच कळलं नाही."

"मलापण नाही," भाऊ म्हणाला.



आम्ही बाहेर आलो. लॅबचं दार उघडं होतं. ती मुलगी दुसऱ्या तुकडीच्या मुलांना प्रोग्राम वाचून दाखवत होती, एकेक ओळ, सावकाश, भाऊ सांगायचा तशी. भाऊ दाराबाहेर भिंतीला हात लावून थांबला. पॉप ईबीएक्स, ती म्हणाली. पॉप ईबीपी. रेट. तिने क्रम चुकवला नाही. मग तो जिन्याकडे निघाला.