चनमल्लप्पाच्या पुडिंगची आंघोळ

सोलापूरच्या आमच्या विश्रामगृहात चनमल्लप्पा अकरा वर्षं रोजंदारीवर खानसामा होता. जातीनं लिंगायत, अंड्याला जन्मात तोंड लावलं नव्हतं, आणि कॅरॅमल पुडिंग मात्र त्याच्यासारखं कोणाला जमत नव्हतं. मी तिथला स्टोअरकीपर. चव न घेता कसं जमतं, असं मी एकदा त्याला विचारलं.

"चव खाणाऱ्याला लागती," तो म्हणाला. "पुडिंगला डोळा आन् कान लागतो की."

घरी गेला की मात्र आधी आंघोळ. अंड्याच्या हातानं तो पूजेला बसत नसे. साहेबलोकांनी पुडिंग खायचं आणि यानं पाप धुवायचं, अशी कामाची वाटणी होती.

बहात्तरच्या दुष्काळात मुंबईहून पाहणीला बडे साहेब येणार असं ठरलं. आमच्या इंजिनिअरांनी चनमल्लप्पाला सांगितलं, "साहेबांना पुडिंग फार आवडतं. खूश झाले तर तुझ्या कायम नोकरीच्या कागदावर तिथंच सही घेतो." त्याचं वय उलटत चाललं होतं. हा कागद हुकला तर पुन्हा मिळणार नव्हता.

तेव्हा मागच्या चाळीत नोकरांना टँकरचं पाणी मिळे, घरटी दोन घागरी. विश्रामगृहाच्या टाकीची किल्ली माझ्या कमरेला. स्वयंपाकघराला दिवसाला दोन बादल्या, वर थेंब नाही. किल्ली हातात आली की माणूस राजा होतो, तसा मीही झालो होतो.

साहेब यायच्या दिवशी चनमल्लप्पा सकाळीच कामाला लागला. साखर तांबूस जाळून भांड्याच्या तळाला फिरवली. कोमट दुधात अंडी काट्यानं हळूहळू मिसळली. फेस आला तर पुडिंगला भोकं पडतात म्हणे. मग पातळ फडक्यातून दोनदा गाळलं, जरा ठेवलं, वर आलेले बुडबुडे कागदाच्या कडेनं उचलले. शेवटी मोठ्या ट्रेमध्ये घडीचं फडकं घालून त्यावर भांडं ठेवलं, आणि भांडं अर्धं बुडेल इतकं गरम पाणी ओतून ट्रे ओव्हनमध्ये सारला.

"पुडिंगला कशाला रे आंघोळ?" मी विचारलं.

"जाळ थेट लागला की अंडं फाटतं. पानी मधी पायजे. तेबी उकळायचं न्हाय, नुसतं थरथरायचं."

तो भाजी आणायला बाजारात गेला. मला काही चैन पडेना. गाव घोटाघोटाला मोताद आणि इथं पुडिंग पाण्यात बसलंय! मी ट्रे काढला, पाणी बादलीत ओतलं, भांडं कोरडंच आत ढकललं आणि ते पाणी निवल्यावर व्हरांड्यातल्या कुंड्यांना घातलं. दुष्काळ बघायला येणाऱ्या साहेबाला फुलं तरी टवटवीत दिसावीत.

चनमल्लप्पानं दुपारी भांडं उपडं केलं. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं, नासलेल्या दुधासारखा चोथा, आणि भोवती पाण्याचं तळं. सगळ्या जिल्ह्यात विहिरी आटल्या होत्या, पाझर फुटला तो आमच्या थाळीत.

"पानी कुनी काढलं?"

मी सांगितलं. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "तुमी शिकल्याली मानसं," एवढंच म्हणाला आणि उरलेली अंडी मोजायला लागला.

अंडी पुरत होती, पाणी नव्हतं. दोन्ही बादल्या संपल्या होत्या. टाकीतलं उरलेलं साहेबांच्या टबाचं. त्याला हात लावायची माझी छाती नव्हती. राजेपण तिथंच संपलं. चनमल्लप्पानं मागच्या दारातून चाळीकडं हाक मारून बायकोला, दाक्षायणीला, बोलावलं. ती अर्धी घागर घेऊन आली.

"तुमच्या आंघोळीचं हाय हे," ती म्हणाली. "पूजा?"

"आज पुडिंगचीच आंघोळ," तो म्हणाला.

या वेळी तो ओव्हनपुढून हलला नाही. पाण्याचा आवाज वाढला की ओव्हनखालचे निखारे बाहेर ओढायचा. कडा धरल्या, मध्य अजून लटलटत होता, तेव्हाच भांडं काढलं. उरलेलं ते आपल्याच गरमीनं धरतं. मग माठाखालच्या ओल्या वाळूवर गार केलं.

रात्री जेवताना साहेबांनी चमचा घातला. एक भोक नाही, एक थेंब सुटलेला नाही. त्यांनी चनमल्लप्पाला बोलावून कसं केलं ते विचारलं. बिचाऱ्यानं खरं सांगितलं, "अर्धी घागर पाण्यात बसवलं साहेब. घरचं पानी."

साहेबांनी कागदावर सही केली. शेरेबुकातही लिहिलं. सकाळी चनमल्लप्पानं मला ते वाचायला लावलं.

"पुडिंग उत्कृष्ट," मी वाचलं.

"फुडं?"

"एवढंच."

पुढं लिहिलं होतं : 'नोकरवर्गाकडे घरगुती पाणी शिल्लक राहते. चाळीचा टँकर बंद करण्यास हरकत नसावी.'

आठवड्यात टँकर बंद झाला. महिन्यानं कायम नोकरीचा हुकूम आला. त्या आनंदात चनमल्लप्पानं स्वतःच्या पैशानं अंडी आणून माझ्यासाठी पुडिंग केलं. वाटी माझ्या हातात दिली, तेव्हा मागच्या दारातून दाक्षायणी डोक्यावर घागर घेऊन येत होती. पार कोसभर लांबच्या विहिरीवरून.

"खावा की," चनमल्लप्पा म्हणाला. "तुमच्यामुळंच तर साहेबाला पाण्याचं सांगायची येळ आली."

पुडिंग गुळगुळीत होतं. मी सगळं खाल्लं.